शेरडं कशानं मेली, ते लिही

आपल्या राज्यात कृषी पदवीला जायचं तर सीईटी द्यायची आणि पशुवैद्यकीला जायचं तर नीट. शेतकऱ्याच्या लेकराला कृषीच्या प्रवेशात सातबाऱ्यावर जादा गुण मिळत आले आहेत. बारावीचे गुण, परीक्षेचे गुण, कागदाचे गुण अशी बेरीज झाली की यादी लागते. या सगळ्या व्यवहारात एक प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही: बाळा, तू गोठ्यात आणि रानात वाढलास, तर तुला नेमकं काय ठाऊक आहे?

हा प्रश्न आमच्या परंडा-भूम भागातल्या मुलांपुढं येतो तो फार उशिरा. पदवी होत आली, पशुपोषण किंवा पीकशास्त्रात पुढं शिकावंसं वाटलं, परदेशातल्या विद्यापीठाचा किंवा एखाद्या शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला की तिथं लिहिलेलं असतं, हा विषय तुम्ही का निवडला आणि त्यासाठी तुमच्याकडं काय आहे ते निबंधात सांगा. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलेलं असतं, म्हणून मुलं गडबडतात. मग सगळे मिळून एकच निबंध लिहितात.

तो निबंध मी पुष्कळदा वाचला आहे. मी पशुवैद्यक, परंडा तालुक्यातल्याच शेतकरी घरातला, त्यामुळं मुलं मसुदा दाखवायला आणतात. पहिल्या परिच्छेदात मातीशी नाळ असते. दुसऱ्यात वडिलांचे कष्ट, आईच्या हातावरचे घट्टे. तिसऱ्यात दुष्काळ, चौथ्यात गावासाठी काहीतरी करायची तळमळ. यातलं एक अक्षरही खोटं नसतं. दुष्काळ या मुलांनी भोगलेला असतो, टँकरच्या रांगेत घागरी लावलेल्या असतात. पण वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यातून अर्जदाराविषयी काहीच कळत नाही. नाव बदललं तर तोच निबंध शेजारच्या गावातल्या मुलाला चालतो. वाचणाऱ्याला हळहळ वाटेल, पण हा मुलगा प्रयोगशाळेत आला तर काय बघेल, कसा विचार करेल, याचा त्याला अंदाज येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की शेतकऱ्याच्या लेकराची खरी पुंजी कष्ट ही नव्हे. घटना घडली तेव्हा ते तिथं हजर होतं आणि घटनेच्या आगेमागे काय काय होतं हे त्याला माहीत आहे, ही त्याची पुंजी. जनावर मेलं तर आदल्या दिवशी त्यानं काय खाल्लं, कुठल्या रानात चरलं, त्या रानाला पाणी कधी मिळालं होतं, हे डॉक्टरला विचारून घ्यावं लागतं. त्या लेकराला ते न विचारता ठाऊक असतं. निबंध लिहायचा तो त्या माहितीवर.

एका मुलीच्या मसुद्यावरून हे सांगतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातली, घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि शेरडं. पशुपोषणात पुढं शिकायचं म्हणून तिनं अर्ज भरायला घेतला होता. चार परिच्छेद मातीचे आणि घामाचे होते, आणि मधेच एक वाक्य: आमच्या दोन शेळ्या कोवळी ज्वारी खाऊन मेल्या, तेव्हा मला पशुपोषणाचं महत्त्व कळलं. मी म्हटलं, बाकीचं सगळं बाजूला ठेव आणि या वाक्याचा निबंध कर. ती म्हणाली, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे सर? किराळ लागली, मेली. गावात सगळ्यांना माहितीय."

गावात सगळ्यांना माहिती आहे आणि तरीही शेरडं मरतात, इथंच लिहिण्यासारखं आहे.

मग मी तिला विचारत गेलो आणि ती सांगत गेली. घटना फाल्गुनातली. त्यांच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी निघाली होती, कडबा बांधून घरी आला होता. शेताचा एक तुकडा वडिलांनी आणि आज्जीनं पद्धतीप्रमाणं उपटून काढला होता. उरलेल्या रानाला मजूर मिळेनात, म्हणून तो भाग विळ्यानं कापला. त्यानंतर अवकाळीचा एक चांगला पाऊस झाला. उपटलेल्या रानात काहीच उगवलं नाही, कारण मूळच उरलं नव्हतं. कापलेल्या रानातल्या धसकटांना मात्र हिरवेगार फुटवे आले, वीतभर, कुठं थोडे जास्त. सगळं शिवार वाळलेलं आणि मधे हा एक हिरवा पट्टा. सकाळी भुकेली शेरडं सोडली आणि ती सरळ त्या पट्ट्यात घुसली.

दोन शेळ्या तिथंच अडखळायला लागल्या. श्वास जोरजोरात, तोंडाला लाळ, मान मागं, पाय झाडणं. आज्जीनं गुळाचं पाणी करायला सांगितलं, ते येईपर्यंत एक गेली होती आणि दुसरी थोड्याच वेळात गेली. तिसरी शेळी त्याच रानात चरत होती आणि तिला काही झालं नाही. का नाही झालं, असं विचारल्यावर मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ती व्यालेली होती, करडांपाशी घरी बांधलेली होती, तिला कडबा टाकला होता, आणि तिला नंतर सोडलं.

हे तिच्या मूळ निबंधात कुठंच नव्हतं. उपटलेलं रान आणि कापलेलं रान, भुकेली शेळी आणि कडबा खाऊन आलेली शेळी. निसर्गानं तिच्या डोळ्यांपुढं एक अर्धामुर्धा प्रयोग मांडला होता आणि तिनं तो नीट पाहिलाही होता. फक्त हे ज्ञान आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता यामागचं शास्त्र बघू, कारण निबंधात त्याचा आधार लागतो. ज्वारीच्या कोवळ्या पानात ड्युरीन नावाचं संयुग असतं. पान अखंड असताना ते निरुपद्रवी. पान चावलं, चिरडलं की पेशी फुटतात, पानातलेच विकर त्या संयुगाला भेटतात आणि हायड्रोजन सायनाइड मोकळं होतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव हेच काम आणखी वेगानं करतात, म्हणून गाय, म्हैस, शेळी यांना घोड्या-डुकरापेक्षा धोका जास्त. सायनाइड रक्तात गेलं की ते पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण तो खर्चच होत नाही. म्हणून जनावर गुदमरत असतं आणि त्याच्या हिरड्या, डोळ्यांची आतली बाजू लालचुटुक दिसते. ताज्या मेलेल्या जनावराचं रक्तही भडक लाल असतं.

मात्रेचा हिशेब मी तिला कागदावर करायला लावला. रवंथ करणाऱ्या जनावराला मारक मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागं 2 मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड धरतात. उस्मानाबादी शेळी 30 किलोची धरली तर 60 मिलिग्रॅम. हिरव्या चाऱ्यात किलोमागं 200 मिलिग्रॅमच्या पुढं सायनाइड गेलं की तो धोक्याचा मानतात. म्हणजे धोक्याच्या काठावरचा चारा असेल तर 300 ग्रॅममध्ये शेळीचा हिशेब पुरा होतो, आणि फुटव्यात याच्या तिप्पट विष असेल तर 100 ग्रॅममध्ये. 100 ग्रॅम म्हणजे मूठभर पाला. भुकेली शेळी तो किती वेळात ओरबाडते, हे त्या मुलीइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

पण हिशेब इथं थांबत नाही, कारण वेळही मोजावा लागतो. जनावराचं शरीर थोडंथोडं सायनाइड सतत निकामी करत असतं. यकृतातलं एक विकर त्याला गंधक जोडतं, त्याचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे जातं. तोच 300 ग्रॅम पाला दिवसभरात पांगून पोटात गेला तर शेळी तो पचवूही शकते. पाच-दहा मिनिटांत गेला तर शरीराला सवड मिळत नाही. कडबा खाऊन आलेली शेळी सावकाश खाते, कमी खाते, आणि तिच्या पोटातल्या कोरड्या वैरणीत हिरवा पाला मिसळतो. तिसरी शेळी वाचण्याचं हे एक कारण असू शकतं. असू शकतं एवढंच. ती उशिरा आली तेव्हा सर्वांत कोवळे फुटवे आधीच्या दोघींनी संपवलेही असतील. एका शेळीवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि हे वाक्यसुद्धा निबंधात यायला हवं, असा मी आग्रह धरला. आपल्या निरीक्षणाची मर्यादा स्वतःहून सांगणारा विद्यार्थी प्राध्यापकांना हवा असतो.

तिला वाटत होतं की कोवळी ज्वारी वाईट आणि मोठी चांगली, एवढंच ज्ञान आहे. खरं तर वय हा एकच धागा आहे. पाण्याचा ताण बसून खुरटलेल्या ताटात, कापल्यावर किंवा ताणानंतर पाऊस पडून आलेल्या नव्या फुटव्यात, युरिया जास्त पडलेल्या आणि स्फुरद कमी असलेल्या रानात ड्युरीन वाढतं. तिच्या शेतातल्या पट्ट्यात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पीक फुलोऱ्यात आलं की एकूण ताटाच्या मानानं विषाचं प्रमाण उतरतं, म्हणून चाऱ्याची ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावर कापा असं सांगतात. कापून नीट वाळवली तर सायनाइड बरंचसं उडून जातं, म्हणून त्याच रानातला कडबा वर्षभर बिनघोर घालता येतो.

इथपर्यंत आल्यावर ती खुशीत म्हणाली, "म्हणजे आज्जी म्हणते तेच बरोबर, वाळवून घाला." मला तिला थांबवावं लागलं. या विषयाची खरी अडचण इथून सुरू होते आणि तिच्या निबंधाला वजन आलं तेही इथूनच.

दुष्काळी वर्षात ज्वारीच्या ताटात दुसरं विषही साचतं, ते म्हणजे नायट्रेट. मुळांनी जमिनीतला नत्र ओढलेला असतो, पण पाण्याअभावी वाढ थांबलेली असते, म्हणून तो वापरला न जाता ताटाच्या खालच्या भागात साठून राहतो. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही विषबाधा सारख्याच दिसतात: धाप, अडखळणं, कोसळणं, मरण. फरक रक्ताच्या रंगात. सायनाइडमध्ये भडक लाल, नायट्रेटमध्ये चॉकलेटी तपकिरी. आणि नायट्रेट वाळवून जात नाही, ते कडब्यातही तसंच राहतं. म्हणजे आज्जीचा सल्ला पहिल्या विषाला लागू आहे, दुसऱ्याला नाही.

उपचार तर एकमेकांच्या उलट. सायनाइडच्या विषबाधेत पशुवैद्यक शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्राइट रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते बदललेलं हिमोग्लोबिन सायनाइडला पेशींपासून ओढून घेतं. थायोसल्फेट गंधक पुरवतं, त्यामुळं शरीराचं ते विष निकामी करण्याचं काम वेगानं होतं. पूर्वी फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे तेच हे रसायन. नायट्रेटच्या विषबाधेत मिथिलीन ब्लू लागतं, आणि तिथं चुकून नायट्राइट दिलं तर विषात विषाची भर पडते. म्हणून रान बघून उपचार ठरवता येत नाही. हिरडीचा आणि रक्ताचा रंग बघावाच लागतो. गुळाचं पाणी देण्यात वाईट हेतू काही नाही, पण धापणाऱ्या शेळीच्या घशात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते, आणि या विषात मिनिटं मोजायची असतात. जनावर पहिल्या तासा-दोन तासांतून तगलं तर बहुधा वाचतं.

मी तिला विचारलं, हिरड्यांचा रंग कोणता होता? तिला आठवेना. मेलेल्या शेळ्यांचं काय केलं? खड्डा करून पुरल्या. शवविच्छेदन झालं नव्हतं, कारण विमा नव्हता आणि त्यासाठी कुणाला बोलवावं असं कुणाला वाटलं नाही. नंतर पोटं फुगली होती का? हो, फुगली होती. पण मेल्यावर सगळ्याच रवंथ करणाऱ्या जनावरांची पोटं फुगतात, त्यावरून जिवंतपणी पोटफुगी झाली होती असं म्हणता येत नाही. म्हणून डावी कूस मरण्याआधी वर आली होती का, असं विचारलं. ती म्हणाली, नव्हती आली. शेजारच्या रानात कुणी फवारणी केली होती का? त्या दिवसांत काहीच उभं नव्हतं, फवारणार कशावर? चांगलं उत्तर होतं, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेतही लाळ येते आणि झटके येतात.

अशा रीतीनं किराळ लागली, मेली या वाक्याचं काय झालं बघा. लक्षणं, वेळ, फुटवे, पाऊस हे सगळं सायनाइडकडं बोट दाखवतं. पण रक्ताचा रंग कुणी बघितला नाही, म्हणून नायट्रेट पुरतं वगळता येत नाही. निबंधात तिनं हे जसंच्या तसं लिहिलं. तिच्या भावाला ते आवडलं नाही. तो म्हणाला, आपल्याला माहीत नाही असं अर्जात लिहितात का? माझं मत उलट आहे. जिला आपलं काय बघायचं राहिलं हे अचूक सांगता येतं, तिला तो विषय कळायला लागलेला असतो.

मुलांच्या मसुद्यात दुसरी एक गोष्ट हमखास असते आणि ती मी काढायला लावतो. शेळीला मी स्वतः इंजेक्शन दिलं, गाईचं अडलेलं वासरू मी ओढून काढलं, असं फुशारकीनं लिहिलेलं असतं. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा 1984 चा कायदा नोंदणीकृत पशुवैद्यकालाच उपचार करायची मुभा देतो. किरकोळ सेवा इतरांना देता येते, पण तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा त्याच्या मूळ शिस्तीलाच धक्का देणारं वाक्य निबंधात कशाला? अमेरिकेतल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात तर जनावरांसोबतचा अनुभव आणि पशुवैद्यकाच्या हाताखालचा अनुभव असे दोन वेगळे रकाने असतात. घरची शेरडं राखली, दूध काढलं, करडं जगवली, हे पहिल्या रकान्यात अभिमानानं लिहावं. ते दुसऱ्या रकान्यात ढकललं तर वाचणाऱ्याचा विश्वास पहिल्यावरूनही उडतो.

आता पुन्हा आपल्या प्रवेशांकडं येतो, कारण माझी खरी तक्रार तिथं आहे. सातबाऱ्याचे गुण देण्यामागचा हेतू चांगला आहे. शेतीत वाढलेलं मूल शेतीच्या शिक्षणात यावं, हे बरोबरच. पण सातबारा जमिनीची मालकी सांगतो. पुण्यात वाढलेल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही गावाकडं न फिरकलेल्या मुलाच्या बापाच्या नावावर तो असू शकतो. उलट आमच्याकडं शेळ्या सांभाळतात ती बहुतेक घरं भूमिहीन किंवा अल्पभूधारक. उस्मानाबादी शेळी ही आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावाची जात, बहुतेक काळी, काटक, जुळी करडं देणारी. तिच्याविषयी जिवंत ज्ञान ज्यांच्याकडं आहे त्यांच्या नावावर पुष्कळदा एक गुंठाही नसतो. दुसऱ्याच्या बांधावर आणि धसकटात शेरडं चारणाऱ्या बाईच्या पोराला कुठलं रान कधी घातक होतं हे सर्वांत आधी कळतं, कारण चूक झाली तर त्याच्या घरचं सगळं भांडवल एका सकाळी आडवं होतं. त्याच्याकडं दाखवायला कागद नाही.

शेजारच्या कर्नाटकात एक वेगळी वाट आहे. तिथं शेतकरी कोट्यातून कृषी आणि पशुवैद्यकीसारख्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा घेतात. बियाणं, अवजारं आणि शेतीतल्या इतर वस्तू समोर ठेवून ओळखायला लावतात. कागदापेक्षा हे केव्हाही बरं, मूल निदान रानात गेलेलं असावं लागतं. पण वस्तू ओळखणं शिकवणी लावूनही जमतं. मालदांडीचा दाणा आणि संकरित ज्वारीचा दाणा वेगळा सांगता येणं एक, आणि कापलेल्या रानात फुटवे येतात पण उपटलेल्यात येत नाहीत, मग मजूरटंचाईनं कापणी वाढली तर किराळ वाढेल का, असा प्रश्न पडणं दुसरं. दुसरं ओळखायला समोर बसून ऐकावं लागतं.

मला कुणी म्हणेल, हजारो मुलांचे निबंध कोण वाचणार, आणि निबंध तर इंग्रजी शाळेतल्या पोरांचाच छान होणार. हा आक्षेप मी हलका मानत नाही. निबंधावर प्रवेश ठेवला तर आठवडाभरात लिहून देणारे क्लास निघतील, आणि मातीशी नाळ हा निबंध छापील मिळायला लागेल. म्हणून परीक्षा काढून निबंध आणा असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं इतकंच की मराठीत दहा मिनिटं बोलायला लावा. तुझ्या गोठ्यात किंवा रानात बिघडलेली एक गोष्ट सांग, असं म्हणा आणि मग आधी काय झालं, नंतर काय झालं, शेजारी काय झालं, एवढंच विचारत राहा. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. ज्यानं खरंच बघितलं आहे तो प्रत्येक प्रश्नाला आणखी काहीतरी काढून देतो, जसं त्या मुलीनं कडबा खाल्लेली शेळी काढून दिली. सगळ्या जागांसाठी हे जमणार नाही हे मान्य. शेतकरी म्हणून जे जादा गुण द्यायचे, निदान तेवढ्यापुरतं तरी करून बघता येईल, आणि त्यात भूमिहीन शेळीपालकाच्या मुलालाही बसता येईल.

मुलीचा निबंध शेवटी दोन पानांचा झाला. कष्टाचा उल्लेख त्यात आहे, पण एकाच जागी: मजूर मिळेनात म्हणून रान उपटण्याऐवजी कापलं. तिथं तो घटनेचं कारण म्हणून येतो, दया मागायला येत नाही. आज्जीही आहे, तिच्या गुळाच्या पाण्यासकट आणि वाळवून घालण्याच्या सल्ल्यासकट, आणि तो सल्ला कुठं खरा ठरतो, कुठं अपुरा पडतो हे नात अदबीनं सांगते. शेवटच्या परिच्छेदात तिनं आपला प्रश्न मांडला आहे. रब्बी ज्वारी निघाल्यानंतर अवकाळी पाऊस झाला, तर फुटव्यातलं सायनाइड कितव्या दिवशी सर्वांत जास्त असतं, आणि शेरडं सोडण्याआधी किती कडबा घातला तर धोका कमी होतो?

हा प्रश्न सोडवायला काय लागेल, तेही तिनं लिहिलं, आणि तो भाग लिहिताना तिला माझी मदत लागली नाही, ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन विचारून आली. पिक्रिक आम्ल आणि सोड्यात भिजवून वाळवलेली पिवळी कागदाची पट्टी बंद बाटलीत चुरलेल्या पानांवर टांगली तर सायनाइड असल्यास ती विटकरी होत जाते. त्यावरून आहे-नाही आणि कमी-जास्त एवढं कळतं, नेमका आकडा काढायला प्रयोगशाळेतली मोजणी लागते. पानं तोडल्याबरोबर हवाबंद करून गोठवावी लागतात, नाहीतर वाटेतच सायनाइड उडून जातं आणि घातक चारा निर्धोक ठरतो. जनावर मेलं तर यकृत आणि पोटातला चारा चार तासांच्या आत घेऊन तसाच गोठवावा लागतो. आणि त्याच पानांची, विशेषतः ताटाच्या बुडख्याची, नायट्रेटसाठी वेगळी तपासणी करावी लागते. परंड्याहून नमुना गोठलेल्या स्थितीत प्रयोगशाळेपर्यंत पोचवायचा तर बर्फाचा डबा लागेल, वाहन लागेल, आणि शेळी कोसळल्याबरोबर खड्डा खणण्याआधी फोन करणारा माणूस गावात लागेल. पहिल्या दोन गोष्टींचा खर्च तिनं अंदाजे मांडला आहे. तिसऱ्यासाठी तिनं आपल्या गल्लीतल्या शेरडं राखणाऱ्या बायकांची नावं विचारून ठेवली आहेत.